'जेवलास का?' हा प्रश्न बंद पडला ते वर्ष



माझी आजी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. रोज रात्री तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवलास का रं?" मी सवयीनं म्हणतो, "हो, झालं." मग पाऊसपाणी, म्हशी, शेजारच्यांची भांडणं.

एकदा महिन्याच्या शेवटी माझे पैसे संपले होते, डबा बंद होता. तरी मी म्हणालो, "हो, झालं." आजीनं विचारलं, "कशासंग?" मी एक क्षण अडखळलो. ती म्हणाली, "फोन ठेव. आधी कायतरी खाऊन घे."

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलोय.

आपल्याकडे हा प्रश्न घड्याळ बघून बदलतो. सकाळी "चहापाणी झालं का?", दुपारी "जेवण झालं का?", आणि अधल्यामधल्या वेळी "बरं हाय ना?" उत्तरही ठरलेलं. पोटात काही नसलं तरी "झालं की", अंगात ताप असला तरी "बरं हाय". अशा बोलण्याला मालिनोवस्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये एक नाव दिलं. त्याचं म्हणणं साधं होतं : काही बोलणं माहिती घ्यायला नसतं, दोन माणसांमधला धागा जुळवायला असतं. तामिळ घरांत "साप्टिंगळा?" म्हणतात, चीनमध्येही "खाल्लंत का?" म्हणतात, ते त्याच जातीचं.

आता यावर एक गोष्ट नेहमी ऐकू येते. म्हणे दुष्काळ फार पडायचे, खायला मिळणं हीच मोठी बातमी असायची, म्हणून लोक जेवणाचं विचारू लागले. ऐकायला पटतं. मलाही पटलं होतं. म्हणून मी आजीला थेट १९७२ बद्दल विचारलं.

त्या साली मराठवाड्यात पाऊस गेला. आधीची वर्षंही ओढीचीच होती, त्यामुळे घरातल्या कणग्या रिकाम्या होत्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला लोक 'मिलो' म्हणत. सरकारनं दुष्काळी कामं काढली : खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. कामावर सुकडी वाटली जायची. आजीचं तेव्हा नवीन लग्न झालं होतं, तीही खडी फोडायला जायची.

मी विचारलं, "मग तेव्हा तर सगळे एकमेकांना जेवलास का, हेच विचारत असतील?"

आजी म्हणाली, "कोण इचारतंय! त्यो न्हाई म्हणला तर द्यायचं काय?"

तिच्या सांगण्यानुसार त्या वर्षी दारावरून जाणाऱ्याला लोक "बरं हाय का?" म्हणायचे, नाहीतर "कामावर नाव लागलं का?" जेवणाचा प्रश्न गावातून जवळजवळ गेलाच. पुढं पीक आलं, घरात ज्वारी आली, तसा तो परत आला.

ही एका म्हातारीची आठवण आहे, तिच्यावरून जगाचा नियम बांधता येणार नाही. पण तिनं माझी समजूत उलटी केली. "जेवलास का?" हा प्रश्न दिसायला फुकटचा आहे, पण त्याच्या पोटात एक वचन आहे : नसशील तर बस, भाकर आहे. म्हणूनच आपण "न्हाई" म्हणत नाही. "न्हाई" म्हटलं की समोरच्याला चूल पेटवावी लागते. त्याला ओझं नको म्हणून आपण "झालं" म्हणतो. विचारणारा देण्याची तयारी दाखवतो आणि उत्तर देणारा त्याला त्यातून मोकळं करतो. घरात धान्यच नसेल तर हे वचन खोटं पडतं, म्हणून माणूस प्रश्नच गिळतो आणि तब्येतीवर येतो. "बरं हाय का?" विचारायला ज्वारी लागत नाही.

मग राम राम म्हटल्यासारखा प्रश्न कुठला आणि खरा कुठला, हे ओळखायचं कसं? दुसऱ्या प्रश्नावरून. राम राम करणारा "झालं" ऐकून पुढं जातो. ज्याला खरंच जाणून घ्यायचंय, तो थांबतो आणि विचारतो, "कशासंग?" या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही. पिठलं, वरण, ठेचा, काहीतरी नाव घ्यावं लागतं, आणि उपाशी माणूस तिथंच अडखळतो.

हे आजीला कुठून कळलं, तेही मी विचारलं. म्हणाली, "खडीवर शेजारी बसणारी रोज म्हणायची, खाऊन आले. एक दिवस इचारलं, कशासंग? तर रडायलाच लागली."

मग तू काय केलंस?

"माझी सुकडी अर्धी केली. आणिक काय."