कागदावरचे बारा गुंठे

तिसगावात कुणाला विचारा, जमीन किती? उत्तर हेक्टरमध्ये येत नाही. "दीड एकर," "पंचवीस गुंठे, तेही वाटणीत" अशीच उत्तरं येतात. सातबाऱ्यावर मात्र आकडा हेक्टर-आरमध्ये असतो. तलाठ्याच्या दप्तरातून तो तालुक्याला, जिल्ह्याला आणि पुढे दिल्लीला जातो, तेव्हा गुंठे कधीच हरवलेले असतात. उरतो तो एक वर्ग: "एक हेक्टरच्या आत".

ही गोष्ट त्या हरवलेल्या गुंठ्यांची आहे.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज तिथे टोलेजंग इमारती आहेत, तेव्हा ते शेतकऱ्यांचं खेडं होतं. मान यांनी जुनी दप्तरं चाळून दाखवलं, की १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती आणि १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. शिवाय ६० टक्के खाती पाच एकरांच्या आत होती, आणि दहा एकरांच्या आतली एकूण ८१ टक्के.

या तीन आकड्यांवर दहावीच्या सांख्यिकीतली रीत लावून पाहू. प्रत्येक वर्गाचा मध्यबिंदू म्हणजे वर्गमध्य घ्यायचा, वारंवारतेने गुणायचा आणि बेरीज करायची. पाचच्या आतल्यांना २.५ एकर धरले, तर ०.६० × २.५ = १.५. पाच ते दहामधल्यांना ७.५ धरले, तर ०.२१ × ७.५ = १.५७५. दोन्ही मिळून ३.०७५. सरासरी ७ यायची असेल, तर उरलेले ३.९२५ वरच्या १९ टक्क्यांनी भरायला हवेत, म्हणजे प्रत्येकाकडे साधारण २०.७ एकर. वरच्या वर्गाला छतच नाही, "दहा एकरांच्या वर" एवढंच लिहिलेलं. त्याचा वर्गमध्य पुस्तकात सापडत नाही, तो असा उलट्या बाजूने काढावा लागतो.

पण यात एक गृहीत लपलेलं आहे: पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्यांची सरासरी खरंच अडीच एकर आहे. ते कुणी तपासलं? मान यांच्या इथे दिलेल्या आकड्यांतून ते तपासता येत नाही. पुढे मात्र तपासायची सोय झाली.

१९७०-७१ मध्ये देशात पहिली कृषी गणना झाली. त्या वेळी महाराष्ट्रात सरासरी वहितीखातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ वर आलं. गणनेचे पाच मोठे वर्ग आहेत: एक हेक्टरच्या आत (अत्यल्प भूधारक), एक ते दोन (अल्प भूधारक), दोन ते चार, चार ते दहा, आणि दहाच्या वर. गणना नुसती खाती मोजत नाही, प्रत्येक वर्गातलं एकूण क्षेत्रही देते. क्षेत्राला खात्यांच्या संख्येने भागलं, की त्या वर्गाची खरी सरासरी हातात येते.

२०१५-१६ चे देशाचे आकडे घेऊ. ६८.४५ टक्के खाती पहिल्या वर्गात, मग १७.६२, ९.५५, ३.८० आणि शेवटच्या वर्गात जेमतेम ०.५७ टक्के. वर्गमध्य ०.५, १.५, ३ आणि ७. शेवटचा वर्ग उघडा आहे, तिथे तूर्त अंदाजाने १५ धरू. गुणाकार करून बेरीज येते १.२४ हेक्टर. गणनेने जाहीर केलेली खरी सरासरी १.०८ आहे. पंधरा टक्के फुगवटा!

हा फुगवटा येतो कुठून? वर्गाच्या खऱ्या सरासऱ्या पाहिल्या, की कळतं: ०.३८, १.४०, २.६९, ५.७२ आणि १७.०७. पहिल्या चारही वर्गांत खरी सरासरी वर्गमध्याच्या खाली आहे. एक ते दोन हेक्टरच्या वर्गात दोनपेक्षा एकच्या जवळची खाती जास्त, चार ते दहामध्ये चारच्या जवळची जास्त. जमीन वाढत जाते तशी माणसं कमी होत जातात, आणि हा उतार प्रत्येक वर्गाच्या आतही चालूच असतो. वर्गमध्याला तो उतार दिसत नाही. चुका दोन्ही बाजूंना झाल्या असत्या, तर एकमेकींना खाऊन गेल्या असत्या. इथे सगळ्या एकाच दिशेला आहेत.

पहिल्या वर्गाजवळ जरा थांबू. खरी सरासरी ०.३८ हेक्टर, म्हणजे साडेसदतीस गुंठे. वर्गमध्य ०.५ हेक्टर, म्हणजे एकोणपन्नास गुंठे. नुसत्या रीतीने आपण देशातल्या प्रत्येक अत्यल्प भूधारकाच्या नावावर बारा गुंठे चढवले. अशी खाती सुमारे दहा कोटी. गुणाकार करा: १ कोटी २० लाख हेक्टर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशाहून जास्त जमीन. ती कुठेच नाही, कुणी ती नांगरत नाही. (तिसगावच्या बांधावर बारा गुंठ्यांवरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, हे आठवलं, की हा आकडा फार गंमतीचा वाटत नाही.)

आता प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची ही सरासरी, विषमता मोजायची तर हिच्याकडे यावंच लागतं. वरचेच वर्गमध्य घेऊन, शेवटच्या वर्गाला १५ धरलं, तर प्रचरण ३.०२ येतं. १५ ऐवजी २० धरलं, तर ३.९५. सरासरी मात्र या बदलाने १.२४ वरून १.२७ एवढीच हलते. हजारातल्या सहाहून कमी खात्यांबद्दलचा आपला एक अंदाज देशाच्या विषमतेचा आकडा जवळपास एक तृतीयांशाने वर नेतो, कारण इथे अंतराचा वर्ग होतो आणि लांबचा माणूस फार जड पडतो.

वर्गमध्य सोडून खऱ्या सरासऱ्या वापरल्या, तर २.८८ येतं. तेही पूर्ण नाही. त्यात फक्त वर्गा-वर्गांमधलं अंतर मोजलं जातं. पाच गुंठेवाला आणि नव्वद गुंठेवाला दोघेही अजून साडेसदतीस गुंठ्यांचेच धरलेले आहेत. वर्गाच्या आतलं प्रचरण त्यात मिळवायला हवं, म्हणून २.८८ हा तळ आहे, खरं उत्तर त्याच्या वरच असणार.

"यावर सूत्र नाही का?" आहे. विल्यम शेपर्ड या गणितज्ञाने १८९८ साली प्रसिद्ध केलेली दुरुस्ती सांगते, की वर्गाची रुंदी h असेल, तर आलेल्या प्रचरणातून h²/12 वजा करा. माणसांच्या उंचीसारख्या माहितीला ती छान लागू पडते. तिथे मधोमध गर्दी आणि दोन्ही टोकांना विरळ होत जाणारी शेपटं असतात. डावीकडच्या वर्गांत गर्दी मध्याच्या उजवीकडे, उजवीकडच्या वर्गांत डावीकडे. त्यामुळे सरासरीतल्या चुका फिटतात, पण वर्गमध्य दोन्हीकडे केंद्रापासून थोडे बाहेर पडतात आणि प्रचरण फुगतं. शेपर्डने नेमका तोच फुगवटा काढला.

जमिनीला हे चालत नाही. वर्ग सारख्या रुंदीचे नाहीत, तेव्हा h कोणता घ्यायचा? शेवटच्या वर्गाला तर रुंदीच नाही. आणि डावीकडे विरळ होणारी शेपटी नाही, उलट सगळ्यात मोठी गर्दी शून्याला खेटून उभी आहे. सूत्र दडपून वापरलं, तर उत्तर येईल, पण ते कशाचं, हे सांगता येणार नाही.

त्यापेक्षा गणनेचेच बारीक वर्ग शोधावेत. पाच मोठ्या वर्गांच्या पोटात दहा लहान वर्ग आहेत: अर्ध्या हेक्टरच्या आतले वेगळे, अर्धा ते एक वेगळे, वर दहा ते वीस आणि वीसच्या पुढचे वेगळे. तिथे प्रत्येक ओळीत क्षेत्र भागिले खाती करून ते वर्गमध्याशेजारी लिहून ठेवावं. दोन आकडे जिथे लांब पडतात, तिथे वर्गमध्यावर विसंबू नये.