तळटीप १२. चौंडकं

१२. चौंडकं : यल्लम्माच्या जोगतिणी गाताना वाजवतात ते वाद्य. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला कातडे असते. त्याच्या मध्यातून ओवलेल्या तारेचे दुसरे टोक हाताने ताणून धरतात आणि तार छेडतात. नाट्यशास्त्रातील चार वर्ग वाचकांना परिचित असतील: तारेची तत (वीणा), फुंकीची सुषिर (सनई), चामड्याची अवनद्ध (संबळ) आणि ठोक्याची घन (टाळ). चौंडक्याला कातडे असल्याने ते सहसा अवनद्धांत घालतात. आमच्या मते ते तत वाद्य आहे. संबळाच्या कातड्यावर आघात होतो, इथे तो तारेवर होतो. तार ताणली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. कातडे केवळ तो कंप मोठा करते. ताण वाढवताना कातडेही ताणले जाते, म्हणून स्वर त्याचाच, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण तुणतुण्याच्या तळालाही कातडेच असते, तार मात्र दांडीवरील खुंटीला बांधलेली असते, आणि त्याला तंतुवाद्य म्हणायला कोणी कचरत नाही. मूळ मजकुरातील ‘चौंडक्याचा ताल’ या शब्दांमुळे ते चर्मवाद्य ठरत नाही. एकतारीही तालच धरते.