बोलण्याची जबाबदारी कोणाची?

आपल्या कचेऱ्यांत बैठकीविषयी एक मत इतके मुरलेले आहे की ते मत आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याला खरोखर काही सांगायचे असते तो सांगतोच, असे ते मत. साहेबांनी दार उघडे ठेवावे, 'मोकळेपणाने बोला' म्हणावे, उठण्यापूर्वी 'कोणाला काही शंका?' असे विचारावे. एवढे करूनही जो गप्प राहिला त्याला एक तर काही म्हणायचे नव्हते, नाहीतर म्हणण्याची हिंमत नव्हती. म्हणजे दोन्हीकडून दोष त्याचाच. अलीकडे मानसिक सुरक्षिततेची चर्चा वाढली, प्रशिक्षणे झाली, तरी हे मत जागचे हलले नाही. फार तर साहेब थोडे हसतमुख झाले.

या मतात तथ्य नाही असे नाही. इंजिनिअर, डॉक्टर, लेखापाल यांना पगार त्यांच्या हातांइतकाच त्यांच्या निर्णयबुद्धीचा मिळतो, आणि धोका दिसत असताना गप्प बसणे हे त्यांच्या व्यवसायधर्माला धरून नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण माणसाने काय करावे हा एक प्रश्न आणि तो काय करील हा दुसरा. बैठक चालवणाऱ्याला पहिल्याच्या उत्तरावर विसंबून राहता येत नाही, कारण निर्णय चुकला तर त्याची किंमत बहुधा बैठकीत नसलेली माणसे मोजतात.

हे मत सर्वांत कठोर कसोटीला लागले ते 2003च्या जानेवारीत, कोलंबिया अंतराळयानाच्या शेवटच्या उड्डाणात. त्या यानात कल्पना चावला होत्या, म्हणून आपल्याला ती दुर्घटना ठाऊक आहे. मात्र यान वर असताना खाली ह्यूस्टनमध्ये झालेल्या बैठका आपल्याकडे फारशा कोणी वाचलेल्या नाहीत, आणि आपल्या विषयाचा गाभा तिथे आहे.

16 जानेवारीला उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. चित्रफितीत तो दिसला, पण नेमके कुठे आणि किती लागले ते कळेना. नासाचे इंजिनिअर रॉडनी रोशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंखाची छायाचित्रे बाहेरच्या यंत्रणांकडून मिळवावीत अशी मागणी केली. 22 तारखेला ती वरून थांबवली गेली. छायाचित्रे अत्यावश्यक आहेत हे आधी दाखवा, असा आग्रह होता. आणि छायाचित्रांवाचून ते दाखवता येत नव्हते. त्याच दिवशी रोशांनी एक ईमेल लिहिली. मागणी न करणे चुकीचे, जवळजवळ बेजबाबदारपणाचे आहे, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. 'सुरक्षित नसेल तर तसे सांगा' अशी नासात जागोजागी लावलेली भित्तिपत्रके आठवतात ना, परिस्थिती तितकीच गंभीर आहे, असेही लिहिले होते. ती त्यांनी एका सहकाऱ्याला दाखवली, पण वर पाठवली नाही. अधिकाराची पायरी ओलांडायला त्यांचे मन धजेना.

प्रचलित मताला हवे ते सारे इथे हजर होते. 'सांगा' ही सूचना भिंतीवर होती. सांगणारा जाणकार होता, त्याला धोका दिसत होता, शब्दही सापडले होते, आणि सूचना तर त्याने स्वतःच्या पत्रात उद्धृत केली होती. तरी पत्र गेले नाही. हिंमत नसलेला माणूस छायाचित्रांची मागणी तरी कशाला करील?

आता 24 जानेवारीची बैठक पाहा. अध्यक्षस्थानी लिंडा हॅम होत्या. डॉन मॅककॉर्मॅक यांनी इंजिनिअरांच्या विश्लेषणाचा सारांश मांडला: यानाच्या उष्णतारोधक टाइल्सचे बरेच नुकसान संभवते, पण आरपार जळण्याची शक्यता गणितात दिसत नाही, मात्र तुकड्याचा आकार, जागा आणि कोन यांविषयी पुष्कळ अनिश्चितता आहे. यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे होते. हॅम यांनी लगेच विचारले की आरपार जळणार नाही म्हणजे भीषण काही नाही, परत आल्यावर टाइल बदलावी लागेल इतकेच ना? मॅककॉर्मॅक 'हो' म्हणाले. उड्डाणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न नाही, या मोहिमेत वेगळे काही करायचे नाही, असा निष्कर्ष हॅम यांनीच शब्दांत मांडला. ध्वनियंत्रणेवरून कोणीतरी काय बोलणे झाले ते विचारले, तेव्हा तो त्यांनी पुन्हा ऐकवला. मग 'एवढेच ना? बरे, यावर काही प्रश्न?' आणि विषय संपला. रोशा त्या बैठकीला होते. ते बोलले नाहीत. आपण संस्थेत फार खाली आहोत आणि त्या फार वर, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटले आणि सातही अंतराळवीर गेले.

हॅम यांनी कोणाला दटावले नाही, आवाज चढवला नाही, आणि प्रश्न विचारायला वाव दिला. चौकशी मंडळानेही दोष एकट्या व्यक्तीवर न ठेवता संस्थेच्या रीतीभातींवर ठेवला, ते योग्यच होते. म्हणून ही बैठक उघडे दार आणि शेवटचा प्रश्न मानणाऱ्यांनी बारकाईने पाहावी. 'काही प्रश्न?' हा प्रश्न आला तेव्हा अध्यक्षांचा निष्कर्ष दोनदा उच्चारून झाला होता. त्यापुढे हात वर करणे म्हणजे माहिती देणे राहिले नव्हते, अध्यक्षांना सर्वांसमोर खोडून काढणे झाले होते. आणि पुरावा देण्याचा भार 'सुरक्षित आहे' म्हणणाऱ्यावर नव्हता. 'नाही' म्हणणाऱ्यावर होता. तोच माणूस, तीच भीती, तेच ज्ञान असताना बोलण्याची किंमत बैठकीच्या क्रमाने वाढवली होती.

मानसिक सुरक्षितता स्वभावात शोधू नये, बैठकीच्या रचनेत शोधावी, असे मी म्हणतो ते यासाठी. प्रेमळ अध्यक्षही रचना चुकवू शकतो. आणि अबोल, काहीसा कोरडा अध्यक्ष ती नीट सांभाळू शकतो.

तीच बैठक दुसऱ्या क्रमाने चालवता आली असती का? मॅककॉर्मॅक 'पुष्कळ अनिश्चितता आहे' म्हणाले तिथेच अध्यक्षांनी थांबायचे. निष्कर्ष सांगायचा नाही, विचारायचाही नाही. अनिश्चितता नेमकी कशाची, आणि ती कमी करायला काय लागेल, एवढाच प्रश्न. आणि तो सारांश मांडणाऱ्याला नव्हे, तर ज्यांनी गणित केले त्यांना, नाव घेऊन, सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करून. गणिताचे साधन छोट्या तुकड्यांसाठी तयार झाले होते आणि हा तुकडा शेकडो पटींनी मोठा होता, ही गोष्ट त्या उत्तरातून बाहेर यायला जागा होती. त्यानंतर भार उलटायचा: धोका आहे हे सिद्ध करायला न सांगता, नाही असे म्हणणाऱ्याने कशाच्या आधारावर म्हटले ते सांगावे. अध्यक्षांचे मत सर्वांत शेवटी. याला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागली असती, इतकेच.

प्रश्नाच्या घडणीने किती फरक पडतो याचे एक चांगले उदाहरण मिनिआपोलिसच्या बालरुग्णालयात सापडते. 1999च्या सुमारास तिथे ज्युली मोराथ कारभार पाहू लागल्या. औषधांच्या चुका कोणी कबूल करीत नव्हते. त्यांनी 'चुका होतात का?' असे विचारलेच नाही. या आठवड्यात तुमच्या रुग्णांबाबत सारे काही तुम्हाला हवे तितके सुरक्षित होते का, असे त्या विचारू लागल्या. या प्रश्नाला 'हो' म्हणणे जवळपास कोणालाच प्रामाणिकपणे शक्य नव्हते, आणि 'नाही' म्हणताना कोणावर बोट दाखवावे लागत नव्हते. 'शंका आहे का?' हा प्रश्न शंका नसणे हीच नेहमीची स्थिती धरून चालतो. मोराथ यांचा प्रश्न उणीव गृहीत धरतो आणि ती कुठे आहे एवढेच विचारतो.

तरी प्रश्नावर काम संपत नाही. पहिली वाईट बातमी आली की अध्यक्षाच्या तोंडून जे पहिले वाक्य निघते ते सगळी खोली लक्षात ठेवते. 'हे आत्ता सांगताय?' हे वाक्य साधे आहे, बऱ्याचदा रास्तही असते. पण पुढचे कित्येक महिने ते लोकांच्या कानांत राहते. त्याऐवजी आधी तपशील विचारावा, उशीर का झाला ते नंतर, एकांतात. आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला मागच्या वेळच्या हरकतीचे काय झाले ते सांगावे. ती फेटाळली असेल तर कारणासह. ज्याची हरकत विरून जाते तो दुसऱ्यांदा बोलत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: असे केले तर शिस्त जाईल, प्रत्येक कनिष्ठाच्या हरकतीपुढे निर्णय अडकून पडेल. नासाच्याच पुढच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे. 2006मध्ये डिस्कव्हरी यानाच्या उड्डाणापूर्वीच्या आढाव्यात सुरक्षाप्रमुख ब्रायन ओ'कॉनर आणि मुख्य अभियंता ख्रिस स्कोलीज या दोघांनी, फोमविषयीच्याच चिंतेमुळे, आपल्या पदावरून 'उड्डाण नको' असे मत नोंदवले. त्यांचे म्हणणे उघडपणे ऐकले गेले. प्रशासक मायकेल ग्रिफिन यांनी जोखीम स्वतःकडे घेऊन उड्डाणाला परवानगी दिली; 4 जुलैला यान उडाले आणि सुखरूप परतले. विरोध करणाऱ्यांचे ऐकले म्हणजे त्यांचे मानलेच पाहिजे असे नाही. निर्णय अधिकाऱ्याचाच राहतो. मात्र कोणाचे काय म्हणणे डावलून तो घेतला, हे त्याला आणि सर्वांना माहीत असते. शिस्त यापेक्षा वेगळी ती काय असते?

आणखी एक गैरसमज असा की सुरक्षित गटात चुका कमी दिसतील. एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात दोन रुग्णालयांतील आठ विभागांतील औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा त्यांचीही हीच अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या विभागांत गट म्हणून काम चांगले चालत होते तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. हे निकाल ठाऊक नसलेल्या एका सहायकाला विभागांत निरीक्षणासाठी पाठवल्यावर कारण उलगडत गेले. त्या विभागांत चुका जास्त होत असतील असे नव्हे. तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. म्हणून या सवयी लावल्यावर पहिल्या काही महिन्यांत अडचणींची यादी लांबली तर अध्यक्षाने घाबरू नये. यादी आखूड होत गेली आणि तरीही खरी चर्चा बैठकीनंतर जिन्यात, चहाच्या टपरीवर, गाडीत होत राहिली, तर मात्र काळजी करावी.

या रीतीलाही मर्यादा आहे. नावे घेऊन विचारण्याची फेरी काही काळाने उपचार होते. लोक 'माझे काही नाही' असे पाठ केल्यासारखे म्हणू लागतात. मग बोलण्याआधी पाच मिनिटे प्रत्येकाने आपली सर्वांत मोठी काळजी कागदावर लिहायची आणि अध्यक्षाने नावे न घेता सारे कागद वाचायचे, हा उपाय बरा पडतो. आणखी एक मर्यादा अशी की ज्याने जाणूनबुजून नियम मोडला किंवा नोंद बदलली त्याला या सुरक्षिततेत जागा नाही. ती रेषा कुठे आहे हे सांगायचे राहून गेले, तर कर्मचाऱ्यांना प्रत्येक कबुली धोक्याची वाटते. म्हणून ती पहिल्याच बैठकीत, लेखी स्वरूपात सांगावी.