रुग्णालयातील सहभागी निरीक्षण व क्षेत्रटिपणे

वॉर्डातील दैनंदिन व्यवहारात मर्यादित सहभाग घेऊन अभ्यासकाने लिहिलेल्या निरीक्षणांना रुग्णालयीन क्षेत्रटिपणे म्हणतात. गुणात्मक संशोधनपद्धतीच्या स्वाध्यायात ती विश्लेषणाची मूळ सामग्री ठरतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात अशा पद्धतीने काम केले. त्यावर आधारित 'असायलम्स' हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

वैद्यकीय नोंदींपासून फरक

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे खाटेजवळ राहून निरीक्षण केले. अशा वैद्यकीय निरीक्षणाचा विषय शरीरातील बदल हा असतो. क्षेत्रटिपणांचा विषय मात्र रुग्ण, नातेवाईक व कर्मचारी यांचे परस्परव्यवहार हा असतो.

नोंदी

वॉर्डात केवळ त्रोटक शब्द टिपले जातात व त्याच दिवशी त्यांचा विस्तार केला जातो, कारण झोपेनंतर बोलण्याचे नेमके शब्द निसटतात. पाहिलेले, ऐकलेले आणि अभ्यासकाचा तर्क हे तिन्ही वेगळे लिहितात. उदाहरणादाखल, अलिबागसारख्या किनारी गावातील सरकारी रुग्णालयाचा पुरुष वॉर्ड घेता येईल. "नातेवाईक बेफिकीर आहेत" ही नोंद नसून निष्कर्ष आहे. त्याऐवजी असे लिहिता येते: "सकाळी १०.२०. सलाइन संपत आले. रुग्णाची पत्नी उठली, सिस्टरांच्या टेबलापर्यंत गेली, उभी राहिली, न बोलता परतली. शेजारच्या खाटेवरील बाई म्हणाल्या, 'राउंड झाल्यावर सांगा.'" तर्क समासात येतो: "भीती की शिष्टाचार?"

विश्लेषण

टिपणे पुन्हा वाचून प्रत्येक घटनेला छोटे नाव देतात. वरील प्रसंगास 'विचारण्याआधी थांबणे' व 'शेजाऱ्याकडून नियम कळणे' अशी दोन नावे पडतात. त्यानंतर विरोधी प्रसंग शोधला जातो. तिसऱ्या दिवशी तीच स्त्री राउंड संपताच थेट टेबलापाशी जाऊन बोलली, असे आढळल्यास केवळ भीतीचे स्पष्टीकरण अपुरे ठरते. वॉर्डाचे अलिखित नियम नातेवाईक एकमेकांकडून शिकतात, हे सूत्र दोन्ही प्रसंगांना लागू पडते.

मर्यादा व नीती

फक्त सकाळच्या नोंदींवरून रात्रपाळीविषयी विधान करता येत नाही. अभ्यासकाला कर्मचारी समजून नातेवाइकांनी औषधाबद्दल विचारल्यास तो प्रसंगही टिपावा लागतो, कारण त्याच्या उपस्थितीने व्यवहार बदललेला असतो. टिपणांत केवळ विशेषणे दिसणे व कोणाचेही मूळ शब्द नसणे, हे तर्क निरीक्षणात मिसळल्याचे लक्षण होय. रुग्णालयाची परवानगी मिळाली तरी रुग्णाची संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. नावाऐवजी सांकेतिक अक्षर वापरतात. लहान गावात आजार, गाव व व्यवसाय एकत्र लिहिल्यासही ओळख पटते, म्हणून त्यांपैकी काही तपशील गाळले जातात.