हरवले-सापडले (लॉज व हॉटेल)

पाहुण्याने खोली सोडल्यावर मागे राहिलेली वस्तू ताब्यात घेणे, तिची नोंद करणे, ती मुदतीपर्यंत सांभाळणे आणि खात्री करून मालकाच्या हाती देणे, या कामाची हॉटेलातली रीत. मोठ्या हॉटेलांत हे काम हाउसकीपिंग विभाग पाहतो. नवीन जालन्यासारख्या व्यापारी वस्तीतल्या लॉजवर मात्र ते बहुधा काउंटरवरच्या मॅनेजरकडे आणि रूमबॉयकडेच येते. कुंडलिका नदीच्या अलीकडे-पलीकडे नवीन आणि जुना जालना अशी या शहराची विभागणी आहे. येथे येणारा पाहुणा सहसा सहलीला आलेला नसतो. तो बियाणे कंपनीचा प्रतिनिधी असतो, सळईच्या कारखान्यात आलेला ठेकेदार किंवा मोंढ्यात हिशेब करायला आलेला व्यापारी असतो. मुक्काम एका रात्रीचा, निघायची वेळ पहाटेची आणि खोलीचे बुकिंग अनेकदा कंपनीच्या नावावर. वस्तू विसरायला आणि नंतर ती कोणाची हे ठरवताना घोळ व्हायला एवढे पुरते.

कायद्याने सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार जो दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर ताब्यात घेतो, त्याच्यावर अनामत ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणे भाग आहे. रूमबॉयला वस्तू नोकरीचे काम करताना सापडते, म्हणून ताबा हॉटेलचा मानावा हेच सुरक्षित. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ दुसरी बाजू सांभाळते. मालकाला परत देण्यासाठी वस्तू उचलणे हा गुन्हा नाही. मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचे वाजवी प्रयत्न न करता आणि वाजवी काळ वाट न पाहता ती आपलीशी करणे हा मात्र गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. हॉटेलची नोंदवही असते ती याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी. प्रयत्न केले होते, हे तोंडी सांगून कोणी मानत नाही.

नोंद. समजा, खोली क्रमांक २०४ मधले दोघे पहाटे साडेपाचला निघाले. अकराच्या सुमारास रूमबॉय सफाईला गेला, तेव्हा बाथरूममध्ये गीझरखालच्या फळीवर साबणाच्या वडीमागे अंगठी दिसली आणि पलंगाच्या बाजूच्या प्लगला चार्जर तसाच लटकलेला. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे अंगठी खिशात न टाकता जागेवरूनच मॅनेजरला हाक मारणे. खिशातून काउंटरपर्यंतच्या दोन मिनिटांवरच पुढे संशय घेतला जातो. मॅनेजर आल्यावर वस्तू जिथे होती तिथेच तिचा फोटो काढावा आणि मग ती उचलावी.

वहीतल्या ओळीत अनुक्रमांक, तारीख, वेळ, खोली, नेमकी जागा, वस्तूचे वर्णन, सापडणाऱ्याचे नाव व सही, आणि ताब्यात घेणाऱ्याची सही एवढे असते. यातले वर्णन सर्वांत जपून लिहायचे. ‘सोन्याची अंगठी, माणिक जडवलेली’ असे लिहिले की हॉटेलने सोने आणि माणिक मिळाल्याचे स्वतःच्या हाताने कबूल केले. उद्या मालकाने ‘आमची खरी होती, तुम्ही खोटी परत केली’ म्हटले तर वही त्याच्याच बाजूने बोलेल. म्हणून पोलिसांच्या पंचनाम्यातली जुनी भाषा इथे उपयोगी पडते: ‘पिवळ्या धातूची अंगठी, एक लाल खडा’. घड्याळाचे नाव लिहिताना ‘तबकडीवर अमुक नाव असलेले’ म्हणावे. वजन करायला सराफाकडे धाडू नये. वस्तू हॉटेलाबाहेर गेली की ताब्याची साखळी तुटते. रोकड असेल तर दोघांसमोर मोजून नोटा प्रकारवार लिहाव्यात, लिफाफ्यात घालून चिकटवलेल्या घडीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. ही रक्कम गल्ल्यात कधीच ठेवू नये. गल्ल्यातला पैसा संध्याकाळी हिशेबात मिसळतो आणि मग ‘त्याच नोटा’ दाखवता येत नाहीत.

नोंदीतला एक तपशील मात्र उघड्या ओळीत न लिहिता सीलबंद लिफाफ्यावरच राहू द्यावा. अंगठीच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरे, पाकिटातल्या चोरकप्प्यातली पावती, बॅगेच्या चेनला बांधलेला दोरा, असे काहीही चालते. हक्क सांगणाऱ्याची परीक्षा याच तपशिलावर होते, आणि काउंटरवर उभ्या असलेल्या कोणालाही वहीत डोकावून तो वाचता येता कामा नये.

साठवण आणि मुदत. भारतात हॉटेलांसाठी ठरलेली एकच कायदेशीर मुदत नाही. धंद्यातला रिवाज असा की खाण्याचा पदार्थ एक दिवस, कपडे, चप्पल, चार्जर साधारण तीन महिने, आणि दागिने, रोकड, घड्याळे सहा महिने ते वर्षभर ठेवायची. लहान लॉजवर चार्जरांचा ढीग एका खोक्यात पडलेला असतो आणि त्यावर खोली क्रमांक नसतो, हे नेहमीचे दृश्य. प्रत्येकाला तारीख व खोलीची चिठ्ठी बांधायला अर्धा मिनिट लागतो. ती नसेल तर त्या खोक्याचा मालकाला काही उपयोग नाही.

औषधांचे नियम वेगळे. मधुमेही पाहुण्याचे न उघडलेले इन्सुलिन खोलीतल्या फ्रिजमध्ये राहिले तर ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि गोठू द्यायचे नसते. ते काढून उघड्या कपाटात ठेवले तर वही चोख असूनही वस्तू निकामी होते. परवाना असलेले हत्यार सापडले तर त्याला हात न लावता खोली बंद करून पोलिसांना बोलवावे. पारपत्र हे १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार भारत सरकारच्या मालकीचे असते. ते ‘मुदतीपर्यंत’ ठेवण्याची वस्तू नव्हे. पाहुण्याशी लगेच संपर्क झाला नाही तर हद्दीतल्या पोलीस ठाण्यात पोच घेऊन जमा करणे बरे. शहरात सदर बाजार आणि कदीम जालना अशी ठाणी असल्याने हद्द आधी विचारून घ्यावी. बेवारस वस्तू ताब्यात घेणे हे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे, तेव्हा ‘आमच्याकडे नको’ हे उत्तर ऐकून परतायचे कारण नाही.

मोबाइलबाबत घाई दोन्हीकडून होते. फोन चोरीला गेला असे समजून मालक सीईआयआर या सरकारी पोर्टलवर तो बंद करून टाकतो, आणि तो लॉजच्या कपाटात सुखरूप असतो. त्यामुळे सापडलेला फोन बंद करू नये. चार्जिंगला लावून ठेवावा, म्हणजे येणारा कॉल उचलता येतो. आत डोकावून नंबर शोधायचा नाही.

परत करणे. हॉटेलवाल्याला सर्वांत महागात पडते ते चुकीच्या माणसाला सौजन्याने वस्तू परत देणे. दुपारी फोन येतो: ‘काल दोनशे चारमध्ये आमची अंगठी राहिली का?’ काउंटरवरचा मुलगा आनंदाने म्हणतो, ‘हो साहेब, लाल खड्याची ना?’ एवढ्यात परीक्षा संपली. पुढे कोणीही फोन करून ‘हो, लाल खड्याची’ म्हणू शकतो. योग्य उत्तर एवढेच: ‘वर्णन सांगा, आम्ही पाहून कळवतो.’ मग आलेल्या नंबरवर नव्हे, तर पाहुण्याच्या नोंदवहीतल्या नंबरवर हॉटेलने स्वतः फोन करावा.

याउलट आपणहून फोन करण्याबाबत मोठी हॉटेले सावध असतात, आणि ते बरोबर आहे. घरच्या नंबरवर ‘तुमच्या मिस्टरांची वस्तू आमच्याकडे राहिली’ असा निरोप गेला तर तो माणूस त्या रात्री कुठे होता, हे हॉटेलने परस्पर सांगितल्यासारखे होते. वाजवी प्रयत्न करायचे ते पाहुण्याने स्वतः दिलेल्या मोबाइलवर, आणि ‘आपल्या मुक्कामाबाबत काउंटरशी संपर्क करा’ एवढ्याच मजकुराने. कंपनीने खोली बुक केली असेल तर कंपनीच्या कार्यालयात वस्तूचे वर्णन सांगू नये.

२०४ मध्ये दोघे होते, हा इथला खरा पेच. एकाने अंगठी मागितली आणि लपवलेला तपशील बरोबर सांगितला, तर ओळखपत्राची प्रत, लेखी पावती आणि सही घेऊन ती द्यावी. पण दुसऱ्यानेही हक्क सांगितला, तर हॉटेलने न्यायाधीश होऊ नये. दोघांकडून लेखी मागणी घ्यावी आणि वस्तू कोणालाच देऊ नये. तिऱ्हाईत हक्क सांगत असेल तर वस्तू देणे थांबवून मालकी ठरवण्यासाठी न्यायालयात जाण्याची वाट करार अधिनियमाच्या कलम १६७ मध्ये आहे. प्रत्यक्षात लेखी द्यायची वेळ आली की दोघांपैकी एक बहुधा माघार घेतो.

माणूस पाठवून वस्तू मागवली तर मालकाचे सहीचे पत्र, दोघांची ओळखपत्रे आणि देतेवेळी मालकाच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन, हे तिन्ही हवेत. एसटीच्या किंवा ट्रॅव्हल्सच्या चालकाच्या हाती पुडी देण्याची मराठवाड्यातली सवय चार्जरपुरती ठीक. दागिना पाठवायचाच असेल तर विमा उतरवून पोस्टाने. खाजगी कुरिअर सहसा सोने-रोकड घेत नाहीत. खर्च मालकाने द्यावा. कलम १६८ इथे मजेशीर आहे: वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला स्वखुशीने झालेल्या खर्चासाठी सापडणाऱ्याला दावा लावता येत नाही, पण तो खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. शंभर रुपयांसाठी हा हक्क वापरणारे लॉज मात्र गिऱ्हाईक गमावते.

‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी मालकाची’ ही पाटी काउंटरमागे लावली म्हणून सापडलेल्या वस्तूची जबाबदारी टळत नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून पार्किंगला दिलेली गाडी चोरीस गेली, त्या प्रकरणी १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वस्तू ताब्यात घेतलेल्या हॉटेलला ‘मालकाच्या जोखमीवर’ अशा छापील अटीमागे स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येणार नाही, असे ठरवले. गाडी किल्लीसह हाती दिलेली होती, अंगठी विसरलेली आहे, हा फरक खरा. पण एकदा वहीत ओळ चढली की ताबा हॉटेलचाच.

निर्गत. मुदत संपली म्हणजे मालकी संपली असे होत नाही. कलम १६९ नुसार विक्रीची मुभा मर्यादित आहे: वस्तू बाजारात नेहमी विकली जाणारी असावी, मालक प्रयत्न करूनही सापडत नसावा किंवा रास्त खर्च द्यायला नकार देत असावा, आणि त्यातही ती नासण्याच्या किंवा बरीचशी किंमत गमावण्याच्या बेतात असावी, अथवा खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेलेला असावा. अंगठी यात बसत नाही. म्हणून वर्षानंतरही ती रूमबॉयला ‘बक्षीस’ देऊ नये. पोच घेऊन पोलिसांकडे जमा करावी. जुने शर्ट आणि चार्जर सापडणाऱ्यालाच देण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे आणि तिने प्रामाणिकपणा टिकतो, हे खरे; पण देताना त्याच ओळीत तारीख व सही हवी. हरवलेल्या वस्तूसाठी दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार तीन वर्षांची असून ती वस्तू कोणाकडे आहे हे मालकाला कळल्या दिवसापासून मोजली जाते. त्यामुळे भरलेली वही रद्दीत घालण्याची घाई करू नये.