दुबार नोंदींची छाननी (सेवा सहकारी संस्था, भंडारा जिल्हा)

जुन्या वह्या, जुनी सॉफ्टवेअरं आणि एक्सेलच्या याद्या यांतली सभासद व मालाची माहिती नव्या ईआरपी प्रणालीत नेण्याआधी ती तपासणे, एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी एकत्र करणे आणि जुन्या शीर्षांना नवी शीर्षे जुळवून देणे, या कामाला ही संज्ञा आहे. गावपातळीवरच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांना हे काम प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरण योजनेमुळे करावे लागले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशभरातल्या सुमारे ६३,००० संस्थांसाठी २,५१६ कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली. ईआरपीवर आधारलेले एकच सामाईक सॉफ्टवेअर हा तिचा गाभा होता आणि अंमलबजावणीत नाबार्डकडे मुख्य भूमिका होती.

भंडारा जिल्ह्यातली अशी संस्था खरिपाच्या धानासाठी पीककर्ज वाटते, अनेक ठिकाणी खत विकते आणि काही ठिकाणी आधारभूत भावाने धानही मोजून घेते. म्हणून एकच शेतकरी तिच्या दप्तरात कर्जदार, गिऱ्हाईक आणि विक्रेता अशा तीन रूपांत सापडतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचे नाव वेगळे लिहिलेले असते.

गाव. पहिली अडचण पत्त्याची. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर पलीकडची गावेही ‘जि. भंडारा’ अशीच दिसतात. आज लाखनी तालुक्यात असलेली गावे जुन्या रजिस्टरांत साकोली तालुक्यात आहेत. त्यातच बुजुर्ग आणि खुर्द यांची भर, कुणी ‘बु.’ लिहितो, कुणी ‘बुज’, कुणी काहीच लिहीत नाही. गावाचे नाव लिहून जुळवत बसण्यापेक्षा प्रत्येक नोंदीला शासनाच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतला गाव-संकेतांक आधी द्यावा. नावांची तुलना त्यानंतर आणि एकाच गावाच्या आत करावी. हा क्रम उलटा केला की तुमसरचा माणूस पवनीच्या माणसाला जाऊन चिकटतो.

अक्षर. जुनी माहिती बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असते. कृतिदेवमध्ये लिहिलेले ‘रामदास’ फॉन्ट काढून घेतल्यावर `jkenkl` असे उरते. परिवर्तकातून ते सरळ होते. पण पहिली वेलांटी आणि रफार पुष्कळदा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, म्हणून अशा नावांवरून डोळा फिरवावाच लागतो. युनिकोडमध्येही एक छुपी अडचण आहे. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह `U+0931 U+094D U+0939` असाही लिहिता येतो आणि `U+0930 U+094D U+200D U+0939` असाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन आडनावे वाटतात. तुलनेसाठी नावाची एक वेगळी प्रत करावी, तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार एका वळणावर आणावेत. मूळ नावाला हात लावू नये.

माणूस. नमुन्यादाखल एक कल्पित प्रकरण घेऊ. सभासद क्र. २१४ रामदास सखाराम कुऱ्हाडे, भाग १,५०० रुपये, पीककर्ज येणे ४८,००० रुपये. क्र. ८७१ रा. स. कुऱ्हाडे, भाग ५०० रुपये, कर्ज नाही. क्र. ३०५ पुन्हा रामदास सखाराम कुऱ्हाडे, भाग १,००० रुपये, येणे २२,००० रुपये. नावावर गेलो तर २१४ आणि ३०५ एक ठरतात आणि ८७१ बाजूला राहतो. सातबारावरचा गट क्रमांक आणि आधारचे शेवटचे चार अंक लावले की उलटे निघते: २१४ आणि ८७१ एकच, तर ३०५ हा त्याच नावाचा चुलतभाऊ. नाव ही खूण फक्त संशय घ्यायला पुरेशी आहे. निकाल द्यायला गट क्रमांक, आधार आणि पासबुक यांपैकी दोन गोष्टी तरी जुळाव्यात. आधारवरही आंधळा भरवसा नको. त्याचा बारावा अंक पडताळणीचा असल्याने टंकताना चुकलेला आकडा बहुधा पकडला जातो, पण धाकट्या भावाच्या नावापुढे थोरल्याचा बरोबर क्रमांक टाकला असेल तर तो निर्वेध पुढे जातो. एकाच क्रमांकावर दोन माणसे दिसली की कागद मागवायचे, हाच त्यावरचा उपाय.

दोन नोंदी एक केल्यावर नव्या सभासदाच्या नावावर २,००० रुपये भाग आणि ४८,००० रुपये येणे दिसते. सभासदसंख्या एकने घटते, पण एकूण भागभांडवल आणि एकूण येणे यांत एक पैसाही हलता कामा नये. त्याच माणसाची दोन कर्जे असती तर ती दोनच ठेवायची होती. व्याजाची तारीख आणि हप्ता वेगळा असलेले कर्ज एकत्र करायचे नसते, एकत्र होतो तो सभासद.

हे काम टंकलेखकावर सोडता येत नाही, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे एका सभासदाला एक मत असते. दुबार सभासद म्हणजे मतदार यादीत दुबार मत. ‘आय’ नमुन्यातल्या सभासद नोंदवहीत बदल करायचा तर व्यवस्थापक समितीचा ठराव हवा. मयत सभासदाचे नाव खोडून तिथे मुलाचे नाव टंकणे हा तर सर्रास दिसणारा प्रमाद आहे. भागाचे हस्तांतरण कलम ३० खाली नामनिर्देशित व्यक्तीकडे किंवा वारसाकडे रीतसर व्हावे लागते. तोवर नोंद मयताच्याच नावे, ‘मयत’ असा शेरा मारून न्यावी.

माल. मालाच्या यादीत सर्वांत मोठा घोळ युरियाचा. मार्च २०१८पासून त्याची गोणी ५० किलोऐवजी ४५ किलोची झाली, पण वहीतले शीर्षक बहुधा तेच राहिले. ६० गोण्या शिल्लक असताना जुन्या वजनाने साठा ३,००० किलो निघतो, प्रत्यक्षात गोदामात २,७०० किलोच असतो, आणि ३०० किलोची तूट नाहक गोदामपालाच्या माथी येते. म्हणून नव्या यादीत मोजमापाचे मूळ एकक किलो ठेवून गोणी हे त्यावरचे विक्रीचे एकक करावे, ४५ किलोच्या आणि ५० किलोच्या गोणीला वेगळे संकेतांक द्यावेत. ‘युरिया’, ‘यूरिया’, ‘नीम युरिया’ आणि ऑक्टोबर २०२२पासून आलेला ‘भारत युरिया’ हे गोणीचे वजन सारखे असेल तर एकच. कंपनी वेगळ्या रकान्यात. नॅनो युरिया मात्र बाटलीतला द्रव आहे, त्याला यात ओढू नये. खात्री करायला पॉस यंत्रातला साठा आणि गोदामातली प्रत्यक्ष मोजणी ताडून पाहावी.

जुळवणी व ताळा. लेखापरीक्षित ३१ मार्चच्या तेरजेवरून सुरुवात करणे सोयीचे. सभासदनिहाय येणे बाकीची बेरीज त्या तेरजेतल्या कर्जाच्या आकड्याशी रुपयापर्यंत जुळावी. न जुळलेली रक्कम उचंत खात्यात टाकून पुढे जाण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. नव्या प्रणालीत पहिल्या दिवशीच उचंत खाते फुगलेले दिसले तर छाननी झालेली नाही असे खुशाल समजावे. फरक बहुधा पासबुकात वसुली जमा आणि खतावणीत नोंद नाही, अशा ठिकाणी सापडतो. तो शोधायला किर्दीची पाने उलटावीच लागतात.

एकत्र केलेल्या नोंदींचे जुने क्रमांक पुसत नाहीत. जुना क्रमांक आणि नवा क्रमांक यांचा तक्ता छापून, समितीच्या सहीने दप्तरात ठेवतात, कारण शेतकरी संस्थेत येतो तो हातात जुने पासबुक घेऊन.