धावताना चढणारी, थांबताच उतरणारी नडगीची कळ: एका दुखण्याचा इतिहास

जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावतात. मुलांना मैदानी परीक्षेत 1600 मीटर धावायचे असते. समजा, त्यांपैकी एकाची तक्रार अशी आहे: "पहिले आठशे मीटर काही होत नाही. मग नडगीच्या बाहेरच्या बाजूला ताण येतो, पाय दगडासारखा होतो. थांबलो की पंधरा-वीस मिनिटांत सगळे गायब." एक्स-रे काढला तर तो नॉर्मल येतो. घरचे म्हणतात, शीर धरली असेल किंवा याला धावायचेच नसेल. पण ही तक्रार खरी असू शकते, आणि ती ओळखायला वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला.

जुन्या नोंदींपैकी एक खुद्द एका डॉक्टरच्या डायरीत सापडते. कॅप्टन स्कॉट यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवावर गेलेले डॉ. एडवर्ड विल्सन जानेवारी 1912 मध्ये परतत होते. दिवसचे दिवस जड स्लेज ओढल्यावर त्यांच्या डाव्या नडगीचा पुढचा स्नायू सुजून घट्ट झाला आणि त्यावरची कातडी लाल झाली. आपली स्की सोबत्याला देऊन ते लंगडत चालले. स्नायूबंधाच्या आवरणाला सूज आली असावी, असे त्यांना वाटले. 1950 च्या दशकात दुसऱ्या डॉक्टरांनी ती नोंद पुन्हा वाचली, तेव्हा हे स्नायूच्या कप्प्यातील दाबाचे दुखणे असावे, असा विचार पुढे आला.

हा कप्पा म्हणजे काय, ते आता पाहू. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात. प्रत्येक कप्प्याभोवती फॅशिया नावाचे चिवट, फारसे न ताणले जाणारे आवरण असते. धावताना स्नायूत रक्त भरते आणि त्याचा आकार वाढतो. आवरण पुरेसे सैल पडले नाही तर आतला दाब चढतो, रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि कळ येते. थांबल्यावर स्नायू हळूहळू आकसतो, दाब उतरतो आणि दुखणेही उतरते. म्हणूनच तुम्ही दवाखान्यात बसलेले असता तेव्हा तुमचा पाय अगदी ठणठणीत दिसतो.

पुढचे पाऊल 1956 मध्ये पडले. मेव्हर या सर्जननी एका व्यावसायिक फुटबॉलपटूच्या नडगीपुढच्या कप्प्याचे आवरण शस्त्रक्रियेने मोकळे केले आणि त्याची कळ थांबली. दोष त्या घट्ट आवरणाचा आहे, याला त्यामुळे बळ मिळाले. आता दाब मोजणे गरजेचे होते. स्नायूत सुई घालून, रक्तदाबासारखाच, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये तो मोजतात. 1990 मध्ये पेडोविट्झ आणि सहकाऱ्यांनी आजही वापरले जाणारे निकष मांडले: धावण्याआधी 15 किंवा जास्त, थांबल्यावर एका मिनिटाने 30 किंवा जास्त, किंवा पाच मिनिटांनी 20 किंवा जास्त. या आकड्यांवर आज मतभेद आहेत. त्यामुळे केवळ आकड्यावर निदान होत नाही, तक्रारीची गोष्ट त्याला जुळावी लागते.

ती गोष्ट तुम्हीच नीट सांगू शकता. किती मीटरवर कळ सुरू झाली आणि थांबल्यावर किती मिनिटांत गेली, हे आठवडाभर लिहून ठेवा. दर वेळी जवळपास त्याच अंतरावर कळ येत असेल, अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये मुंग्या येत असतील, पाऊल जमिनीवर आपटत असेल, तर या दुखण्याचा संशय बळावतो. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दाबून दुखत असेल आणि धावायला सुरुवात करतानाच दुखत असेल, तर ते बहुधा हाडाच्या कडेचे दुखणे असते. एकाच बिंदूवर दुखते आणि विश्रांतीतही राहते, तर हाडाला बारीक तडा गेला आहे का, ते पाहावे लागते.

उपचाराची सुरुवात अंतर कमी करण्यापासून आणि धावण्याची पद्धत बदलण्यापासून होते. टाचेवर आपटत धावण्याऐवजी पाऊल लहान टाकून पुढच्या भागावर उतरल्याने काहींना आराम पडतो. धावणे सोडायचे नसेल आणि कळ कायम राहिली, तर आवरण मोकळे करण्याची शस्त्रक्रिया करतात. तिचा गुण पुढच्या कप्प्यात चांगला येतो, पोटरीच्या खोल कप्प्यात तितका खात्रीचा नसतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. थांबूनही कळ वाढतच असेल, पाय टणक राहिला असेल किंवा पाऊल वर उचलता येत नसेल, तर पट्टी घट्ट बांधू नका, मालिश करू नका. तो दाब उतरत नसल्याचा इशारा आहे आणि काही तासांत स्नायू मरू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता लगेच मोठे रुग्णालय गाठा.